क गल्ली, च गल्ली

"भ" आला. मग "ज" आला. आणि मी उतावळेपणानं म्हणून टाकलं, "भजी! भजी खाल्लीस होय रे?"

नामानं डोळे घट्ट मिटून घेतले. आमच्यात याचा अर्थ "नाही".

"भजीच ना? कांद्याची?" पुन्हा डोळे मिटले. "मग बटाट्याची?" आता त्याची पाठ ताठ व्हायला लागली, तोंड उघडं पडलं, उजवा हात खुर्चीबाहेर फेकला गेला. सांगायची धडपड वाढली की त्याचं सगळं अंगच आडवं येतं. वर्गातली पोरं गप्प झाली. माझं काहीतरी चुकतंय हे कळत होतं, तरी मी तिसऱ्यांदा तोच शब्द म्हणाले, वर जरा मोठ्यानं. त्याच्या कानात काही दोष नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, इकडचा शेतातला सण. तिच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. औसा तालुक्यातलं एक गाव, जिल्हा परिषदेची शाळा, सहावीचा वर्ग. मी समावेशित शिक्षणातली विशेष शिक्षिका. तालुक्यातल्या बऱ्याच शाळा फिरते आणि या शाळेत आठवड्यातून एकदा, जमलं तर दोनदा येते. मुलाचं खरं नाव लिहीत नाही, इथं त्याला नामा म्हणते.

नामा जन्मला तेव्हा रडला नाही. आजी सांगते, "लई येळ निळं पडलं होतं लेकरू." जन्मताना प्राणवायू कमी पडला की मेंदूतल्या हालचालींना लगाम घालणाऱ्या खोलवरच्या भागांना इजा होऊ शकते. नामाचं तसंच झालं. ती इजा पुढं वाढत नाही, पण भरूनही येत नाही. त्याच्या सेरेब्रल पाल्सीत स्नायूंमध्ये ताकद आहे, ताबा नाही. हात एकीकडे न्यायचा म्हटलं की तो भलतीकडे जातो, आणि जितका जोर लावावा तितका जास्त भरकटतो. जीभ, ओठ, श्वास यांचंही तेच, म्हणून तोंडातून शब्द फुटत नाही, नुसता आवाज येतो. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच्यासमोर एखादा विनोद सांगून बघावा.

मी त्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा तो तिसरीत होता. त्याच्याजवळ संवादाचा तक्ता होता. पुठ्ठ्यावर सहा चित्रं चिकटवलेली: पाणी, जेवण, लघवी, झोप, दुखतंय, घरी जायचंय. तक्ता मांडीवर ठेवायचा आणि विचारायचं, "काय पाहिजे? दाखव." नामाचा हात सुटायचा आणि कुठंतरी आदळायचा. बऱ्याचदा पाण्यावर, कारण पाणी उजव्या हाताच्या वाटेत होतं. मग पाणी पाजायचं. एका सकाळी पाच वेळा पाणी पाजलेलं मी पाहिलं. वहीत शेरा होता, "तक्ता वापरता येत नाही, आकलन कमी." शेरा लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हात जिथं पडला तेच उत्तर, असं धरलं तर दुसरं काय दिसणार?

त्या दिवशी मी हात बघायचं सोडून डोळे बघत बसले. हात हलण्याआधीच त्याची नजर एका चित्रावर जाऊन थांबायची. हात दुसरीकडे आपटला की नजर परत त्याच चित्रावर यायची आणि मग माझ्या तोंडाकडं. तीनदा तेच घडलं. त्याला हवं होतं "घरी जायचंय".

यानंतर आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि आधी खुर्ची नीट केली. वरवर याचा संबंध लागत नाही, पण इथंच सगळं अडलं होतं. खुर्ची मोठ्या माणसाची, पाय लोंबकळत होते. पायाला आधार नसला की असं मूल अख्ख्या अंगानं तोल धरत बसतं, नजर स्थिर करायला त्याच्याजवळ काही शिल्लक राहत नाही. पायांखाली लाकडी पाट ठेवला. कंबर पाठीला टेकेल अशी मागं सरकवून मांड्यांवरून पट्टा बांधला. समोरच्या फळीवर एक गोल खुंटी ठोकून घेतली, तिला तो डाव्या हातानं धरून बसतो. एक हात असा गुंतला की बाकीचं अंग बरंच निवतं. आणि मी त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायला लागले, उजेड त्याच्या तोंडावर पडेल असं. आधी माझी पाठ खिडकीकडं असायची. त्याला माझी नुसती काळी आकृती दिसत असणार.

मग "हो" आणि "नाही" ठरवायचं होतं. त्याला सगळ्यात सोपं जात होतं ते डोळे वर करणं, म्हणून ते "हो". डोळे घट्ट मिटणं म्हणजे "नाही". आम्ही दोघांनी हे ठरवलं, पण त्यावर भरवसा ठेवता येईल का ते तपासायला हवं होतं. ज्यांची उत्तरं मला माहीत आहेत असे वीस प्रश्न मी काढले, निम्म्यांचं उत्तर हो, निम्म्यांचं नाही, आणि तीन दिवसांत मिसळून विचारले. तू मुलगी आहेस का? तुमच्याकडं शेळी आहे का? आज पाऊस पडतोय का? अठरा बरोबर आले. चुकलेल्या दोन्ही वेळी त्याला आकडी धरल्यासारखा ताण आला होता, आणि ताण आला की डोळे आपोआप वर जातात. तो "हो" नव्हता. ताणात डोळे वर जाऊन तिथंच अडकतात आणि तोंड उघडतं. खऱ्या होकारात डोळे वर जातात आणि परत माझ्याकडं येतात. तेव्हापासून आमचा नियम झाला: वर आणि परत, तरच हो. आणखी एक गोष्ट पक्की केली. काहीच केलं नाही तर त्याला "नाही" धरायचं नाही. गप्प राहणं म्हणजे कदाचित कळलं नाही, कदाचित दमलाय, कदाचित तुमच्या प्रश्नात त्याचं उत्तरच नाही.

चित्रांचा तक्ता पुढं वाढला. "परत", "नको", "का", "तू", "संपलं", "तसं नाही", "मला काही सांगायचंय" हे शब्द आले. नुसत्या पाणी-जेवणाच्या तक्त्यावर माणूस फक्त मागू शकतो, भांडू शकत नाही, विचारू शकत नाही. पहिले कित्येक महिने मी त्याला एकदाही "दाखव बरं" म्हटलं नाही. मीच बोलताना तक्त्यावर बोट ठेवायची. "आज *मला* कंटाळा आलाय, चल *बाहेर*." लहान मूल वर्षभर नुसतं ऐकतं आणि मग बोलायला लागतं. तक्त्याची भाषासुद्धा आधी कुणीतरी समोर वापरलेली दिसावी लागते. नाहीतर तक्ता म्हणजे रोजची तोंडी परीक्षा होते, आणि परीक्षेला कुणीही कंटाळतं. या तक्त्याचा दुसरा शत्रू म्हणजे माया. घरी दिलेली प्रत महिनाभर दिसेना म्हणून विचारलं तर आजीनं ती पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवली होती, "म्याडम, खराब हुईल म्हून." आता ती दोरीनं खुर्चीलाच बांधलेली असते आणि वर्षातून दोनदा खराब होते.

पण चित्रं संपतात. येळवसाचं चित्र कुठल्या संचात असणार?

नामाला अक्षरं येतात हे आम्हाला उशिरा कळलं. पहिलीपासून तो वर्गात बसत होता, फळा समोर होता, पण त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पाटीच्या चार कोपऱ्यांत चार अक्षरं लिहून "म कुठंय?" म्हटलं आणि त्याची नजर नेमकी म वर गेली, ती दुपार मला लख्ख आठवते. तेव्हा चौथी संपत आली होती.

आता प्रश्न असा, की हात चालत नाही, तर पन्नासेक अक्षरांतून एक निवडायचं कसं? नजरेनं एवढी बारीक निवड होत नाही, समोरच्याला ती वाचताच येत नाही. यावर जुना उपाय आहे. समोरच्या माणसानं अक्षरं म्हणत जायचं आणि हवं ते आलं की मुलानं खूण करायची. पण क पासून ज्ञ पर्यंत एकेक म्हणत गेलात तर "ह" येईपर्यंत दोघंही थकतात. इथं आपली वर्णमाला मदतीला धावली. ती आधीच ओळींत मांडलेली आहे, आणि पहिल्या पाच ओळींत पाच-पाच अक्षरं आहेत. आधी ओळ विचारायची, मग ओळीतलं अक्षर. आमच्या तक्त्यावर क, च, ट, त, प यांच्या पाच ओळी, सहावी य-र-ल-व-श, सातवी ष-स-ह-ळ-क्ष-ज्ञ, आठवी स्वरांची. ङ आणि ञ बोलण्यात लागत नाहीत, म्हणून ङ च्या घरात "खोड" आणि ञ च्या घरात "शब्द संपला" असं लिहिलं. मुलांनी ओळींना गल्ल्या केलं. "क गल्ली? च गल्ली? ट गल्ली?" असं विचारतात, डोळे वर गेले की त्या गल्लीत शिरतात आणि घर-घर विचारत जातात.

अक्षर मिळालं की त्याचा काना-मात्रा. पहिल्या इयत्तेत आपण सगळ्यांनी घोकलेलं तेच: नुसतं, काना, वेलांटी, उकार, मात्रा, काना-मात्रा, टिंब. ऱ्हस्व-दीर्घ मी मुद्दाम काढून टाकलं. पहिली वेलांटी की दुसरी, हे विचारण्यात प्रत्येक अक्षरामागं वेळ जातो आणि अर्थ क्वचितच अडतो. शुद्धलेखनाच्या तासाला ते वेगळं विचारता येतं. दोन मात्रांचंही तसंच केलं. आणि जोडाक्षरही काढलं. ते मात्र चुकलं.

कारण त्या दिवशी नामाला "भज्जी" म्हणायचं होतं.

मी जालन्याकडची. आमच्याकडं येळवस नसते. इथं त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करतात, मडक्यात आंबील असते, आणि तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, रानात जे असेल ते एकत्र शिजवून, बेसन लावून भज्जी करतात. भजी वेगळी, भज्जी वेगळी. मी ती तेव्हा खाल्लीही नव्हती, शब्दही ऐकला नव्हता. भ आणि ज ही दोन अक्षरं दिसताच माझ्या डोक्यानं मला माहीत असलेला शब्द पुढं केला, आणि तक्त्यावर "जोड" नसल्यानं नामाला मला थांबवायची सोयच नव्हती. तो फक्त नाही म्हणू शकत होता. तो नाही म्हणत होता, आणि मी कांदा की बटाटा विचारत होते.

शेवटी मागच्या बाकावरून शिवानी (हेही बदललेलं नाव) म्हणाली, "मॅडम, त्याला पुढं म्हणू द्या की." मी म्हटलं, "पुढं काही आहे का रे?" डोळे वर, आणि परत माझ्याकडं. ज नंतर त्यानं पुन्हा च गल्ली घेतली, पुन्हा ज घेतला, वेलांटी घेतली. भजजी. पोरं एका सुरात ओरडली, "भज्जी!" मग "तुला" आलं. तुला? मला? शिवानी उठली आणि तिनं खुर्चीच्या मागं लटकवलेल्या पिशवीत हात घातला. आत स्टीलचा डबा होता. आजीनं माझ्यासाठी भज्जी पाठवली होती आणि ते सांगायचं काम नामाकडं दिलं होतं.

त्याच दुपारी मी काना-मात्रांच्या शेवटी "जोड" हे आठवं घर लिहिलं.

आता हा शब्द नीट बांधायला किती लागतं ते मोजून सांगते, कारण "थोडा धीर धरा" म्हणणाऱ्यांना धीर म्हणजे नेमका किती हे माहीत नसतं. भ साठी पाच गल्ल्या, चार घरं आणि "नुसतं": दहा वेळा विचारणं. पहिल्या ज साठी दोन गल्ल्या, तीन घरं आणि "जोड" येईपर्यंत आठ: तेरा. दुसरा ज, वेलांटीसकट: आठ. "शब्द संपला" साठी सात. एकूण 38 वेळा विचारायचं आणि दर वेळी थांबायचं. म्हणायला एक सेकंद, थांबायला तीन, असं धरलं तर अडीच मिनिटं होतात. एका शब्दाची.

ते तीन सेकंद सगळ्यात अवघड. नामाचे डोळे वर जायला कधी दोन सेकंद लागतात, आणि दमला असेल तर कधी आठ. तुम्ही घाईनं पुढच्या अक्षरावर गेलात की त्याचा आधीच्या अक्षराचा होकार नव्या अक्षरावर पडतो. ही चूक ओळखायची खूण मला मुलांनीच दाखवली. एकदा सरांनी घाईघाईनं विचारलं आणि शब्द आला "खाफा". सर म्हणाले, आज याचं लक्ष नाही. शिवानीनं प्रत्येक घर एकेक मागं सरकवलं. ख चा क, काना काढून नुसतं, फ चा प, तिथलाही काना काढला. "कप". त्याला सरांचा चहाचा कप टेबलाच्या कडेला आलेला दिसत होता. अक्षरं अशी एकेक घर पुढं पडायला लागली तर मुलाचं काही बिघडलेलं नसतं, विचारणाऱ्याचा वेग जास्त झालेला असतो.

दुसरी चूक याच्या उलटी आणि जास्त धोक्याची. मध्यंतरी दुसऱ्या एका ठिकाणी एका मदतनीस ताईंनी अशाच एका मुलाचा हात मनगटाशी धरून त्याला अक्षरांवर बोट ठेवायला शिकवलं. भराभर शब्द यायला लागले, चांगली वाक्यं यायला लागली, "आई मला तू आवडतेस" सुद्धा आलं. घरचे रडले. माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण मूल छताकडं बघत होतं. मी ताईंना बाहेर थांबायला सांगून त्याला माझ्या पर्समधली एक वस्तू दाखवली. आत येऊन ताईंनी हात धरला आणि विचारलं, काय पाहिलंस? "फूल" आलं. पर्समध्ये कंगवा होता. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. ताई खोटं वागत नव्हत्या, हे मला मनापासून सांगायचंय. त्यांचाच हात त्यांच्या नकळत वाट दाखवत होता. हात धरून लिहून घेण्याच्या या पद्धतीची परदेशात पुष्कळ तपासणी झाली आहे आणि तिथंही शब्द मदतनिसाचेच निघाले. मुलाच्या तोंडी आपले शब्द घालणं म्हणजे त्याला उरलेली एकमेव वाट बुजवणं. घरच्यांना ते सांगताना माझी जीभ रेटत नव्हती, पण सांगितलं.

ते पाहिल्यावर मी नामाकडं परत आले ती स्वतःवरच संशय घेऊन. आम्ही हात धरत नव्हतो, पण अक्षरं आम्हीच म्हणत होतो. आपल्याला अपेक्षित अक्षर आलं की आवाज नकळत चढतो, भुवया वर जातात, आपण तिथं जरा जास्त थांबतो, आणि हुशार मूल ते वाचतं. म्हणून त्याच्याशीही पर्समधला खेळ केला: वस्तू एकानं दाखवायची, अक्षरं दुसऱ्यानं विचारायची. नामाचे दहाही शब्द ओळखू आले, फक्त एकात उकार चुकला. आमच्या जिवात जीव आला. तरीही सगळ्यांना सांगून ठेवलं की अक्षरं भाजीवालीनं भाव सांगावा तशी सपाट म्हणायची, आणि प्रत्येक अक्षर मिळालं की मोठ्यानं म्हणून त्याच्याकडून खात्री करून घ्यायची.

अंदाज करायचाच नाही का? करायचा, पण विचारून. नामाला आधी विचारतो, "आज ओळखू का, की तूच सगळं म्हणणार?" कधी तो ओळखू देतो, वेळ वाचतो. कधी देत नाही. येळवसाच्या दिवशी मी विचारलं नव्हतं.

वर्गातल्या मुलांना हे शिकवायला मी भाषण केलं नाही. एका तासाला सगळ्यांना जोडीनं बसवलं. एकानं ओठ मिटून काल घरी काय झालं ते फक्त डोळ्यांच्या खुणेनं, गल्ल्यांमधून सांगायचं, दुसऱ्यानं विचारायचं. दहा मिनिटांत वर्गात भांडणं लागली. "मला म्हणूच देत नाही हा!" "मी मामा म्हणत होतो, त्यानं मांजर केलं!" मग जोड्या बदलल्या. मला जे सांगायचं होतं ते त्यांनी एकमेकांना ओरडून सांगितलं. त्या दिवसापासून या वर्गात सहा-सात मुलं अशी आहेत की त्यांना तक्ता लागत नाही, गल्ल्या तोंडपाठ आहेत. वीज नसली, तक्ता ओला झाला, मैदानात असले तरी चालतं. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो नावाचं संवादाचं ॲप मराठीत आहे, ज्यांचं बोट चालतं अशा माझ्या दोन मुलांना ते उपयोगी पडतं. नामाचं बोट चालत नाही, आणि त्याच्यासाठी शिवानीचं तोंड हेच यंत्र आहे.

सरांची अडचण खरी होती. बेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि नामाच्या चार शब्दांना दहा मिनिटं. त्यांनीच वाट काढली. परिपाठानंतर ते नामाला दिवसाचा एक प्रश्न देतात. मधल्या सुट्टीत कुणीतरी त्याच्याबरोबर उत्तर बांधतं, आणि शेवटच्या तासाला ते वाचलं जातं. पर्यायी प्रश्न तर तो सगळ्यांबरोबर सोडवतो: अ? ब? क? आणि डोळे वर. परीक्षेचं काय, हे मात्र मला सुटलेलं नाही. दिव्यांग मुलांना लेखनिक मिळतो आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला चार तास झाले. एका शब्दाला अडीच मिनिटं, म्हणजे चार तासांत शंभर शब्दही होत नाहीत, आणि तेसुद्धा लेखनिकाला गल्ल्या येत असल्या तर. अनोळखी लेखनिक आणून बसवला तर नामाचा पेपर कोराच राहील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांसाठी बोलण्याला पूरक अशा इतर साधनांना प्रोत्साहन द्यायचं लिहिलं आहे. त्या वाक्याचा आधार घेऊन मी आत्तापासूनच अर्ज करतेय की नामाचा लेखनिक त्याच्या सवयीचा असावा आणि पेपरात लांब उत्तरांऐवजी पर्यायी प्रश्न जास्त असावेत. दहावीला अजून वेळ आहे. अर्जांना तेवढा वेळ लागतो.

घरी नामाची आजी असते. आई-वडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर गेले की उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. आजीला अक्षर येत नाही. तिच्यासाठी आम्ही वेगळी रीत बसवली. ती विषय विचारते: "दुखतंय? भूक? कुणावर राग? शाळंचं?" आणि शेवटी नेमानं "का दुसरंच कायतरी?" हे शेवटचं वाक्य तिच्या अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त दिवस लागले, आणि तेच सगळ्यात मोलाचं, कारण ते नसलं तर मुलाला आपल्याच यादीतलं काहीतरी निवडावं लागतं. "दुसरंच" आलं की मात्र आजीचा रस्ता संपायचा. ती म्हणायची, "सकाळच्याला शिवानीला सांग, बाळा."

गेल्या हिवाळ्यात नामाला घोट्यापासून पोटरीपर्यंतचे नवे बूट मिळाले, पाय सरळ राहावेत म्हणून रात्री घालायचे. आठवडाभर तो रात्री रडत होता. आजी विचारायची, पोट? डोकं? आईची आठवण? सगळ्याला डोळे मिटायचा. दुसरंच? डोळे वर.

एका सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा आजी फाटकाशीच उभी होती, शिवानीची वाट बघत. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मी "काय झालं आजी?" म्हटलं तर हातानंच गप्प राहा म्हणाली. शिवानी आली तशी आजीनं एका दमात म्हटलं, "ब उकार. ट नुस्ता. मग संपला मनला. ल काना. ग नुस्ता. त काना-मात्रा. मग संपला मनला."

पोरं ओट्यावर बसून रोज गल्ल्या म्हणतात, ते ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. अक्षर कसं दिसतं ते तिला माहीत नव्हतं. रात्री तिनं एकेक घर विचारलं, तो जिथं वर बघेल ते धरून ठेवलं, आणि विसरू नये म्हणून पहाटेपासून कुणाशी बोलली नव्हती.

शिवानीनं पाटीवर लिहिलं. बूट लागतो.

आम्ही तिघी घरी गेलो. नामा खाटेवर होता, पायात अजून बूट. उजव्या बुटाचा मधला पट्टा मी सोडला. घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लाल, सोललेलं दिसत होतं. पट्ट्याखालची मऊ गादी दुमडून आत गेली होती.